नैराश्यावरची गोळी: लागू पडायला आठवडे का लागतात आणि एकदम बंद का करू नये

नैराश्यावर आज सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एस्सिटालोप्रॅम हे एक. त्याची गोळी गिळल्यावर साधारण पाच तासांत रक्तातले औषधाचे प्रमाण सर्वाधिक होते, औषध मेंदूत पोचते आणि आपले काम त्याच दिवशी सुरू करते. तरीही मन हलके व्हायला दोन, चार, कधी सहा ते आठ आठवडे जातात. उलट, बरे वाटू लागल्यावर हीच गोळी एके दिवशी बंद केली, तर दोन-तीन दिवसांतच चक्कर, मळमळ आणि डोक्यात करंट बसल्यासारखे झटके सुरू होऊ शकतात. गोळी लागू पडायला इतका उशीर का आणि सोडताना इतकी घाई का नको, हे दोन प्रश्न रुग्णांना वेगवेगळे वाटतात. त्यांचे उत्तर मात्र एकच आहे. औषध तासांच्या हिशेबाने काम करते आणि मेंदू आठवड्यांच्या हिशेबाने त्याच्याशी जुळवून घेतो. उपचाराचा फायदा या जुळवून घेण्यातून होतो आणि गोळी अचानक थांबवल्यावर होणारा त्रासही त्यातूनच होतो.

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये अतिशय बारीक फट असते आणि एक पेशी त्या फटीत रासायनिक संदेशवाहक सोडून पुढच्या पेशीला निरोप देते. सेरोटोनिन हा अशा संदेशवाहकांपैकी एक. निरोप पोचल्यावर फटीतले उरलेले सेरोटोनिन पहिली पेशी परत आत ओढून घेते आणि त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एक वाहक प्रथिन असते. एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधे या वाहकाला अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ टिकते. मेंदूचे स्कॅन करून केलेल्या मोजणीत असे दिसले आहे की या औषधांच्या नेहमीच्या किमान डोसला सुमारे ८० टक्के वाहक अडवले जातात. यासाठी महिना लागत नाही.

मग महिना कशासाठी लागतो? याची काही कारणे नीट माहीत आहेत, काहींवर अजून संशोधन चालू आहे. सर्वांत साधे कारण रक्तातले आहे. एस्सिटालोप्रॅमचे शरीरातले प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ३० तास लागतात. रोज एक गोळी घेतल्यावर आदल्या दिवसाचे थोडे औषध शिल्लक असतानाच नवे येऊन मिळते आणि पातळी वाढत वाढत आठवडाभराने स्थिर होते. म्हणजे औषधाचा पूर्ण डोस शरीरात उभा राहायलाच एक आठवडा जातो. त्यात पोटाला त्रास होऊ नये म्हणून अनेक डॉक्टर पहिला आठवडा ५ मिलिग्रॅमच देतात आणि मग १० करतात. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस ‘काहीच फरक नाही’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. सेरोटोनिन तयार करणाऱ्या पेशींचे मूळ ठाणे मेंदूच्या देठात, राफे नावाच्या केंद्रकांमध्ये असते. तिथून त्यांचे लांब तंतू मेंदूच्या बहुतेक भागांत पसरतात. या पेशींच्या अंगावरच सेरोटोनिन ओळखणारे रिसेप्टर असतात. आपल्या आजूबाजूला सेरोटोनिन किती झाले आहे याची दखल घेऊन ते पेशीचा वेग कमी-जास्त करतात. पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक पाणी वर आले की नळ बंद करतो, तशीच ही व्यवस्था. औषध सुरू झाल्यावर राफे केंद्रकांच्या आसपास सेरोटोनिन वाढते आणि हे रिसेप्टर लगेच पेशींना लगाम घालतात. एकीकडे औषध सेरोटोनिन टिकवते, दुसरीकडे पेशी ते कमी सोडू लागतात. त्यामुळे सुरुवातीला मेंदूच्या दूरच्या भागांत होणारी वाढ अपेक्षेपेक्षा बरीच कमी राहते. सेरोटोनिन सतत जास्त राहिले की दोन-तीन आठवड्यांत हे रिसेप्टर बोथट होतात, लगाम सैल पडतो, पेशी पुन्हा पूर्वीच्या वेगाने काम करू लागतात आणि तेव्हा कुठे औषधाचा पूर्ण जोर दिसतो. हे रिसेप्टर सुरुवातीपासूनच अडवले तर गुण लवकर येईल, या विचाराने पिंडोलॉल हे रक्तदाबाचे औषध जोडीला देऊन पाहण्यात आले. त्याचे निकाल संमिश्र आले. म्हणजे हे कारण खरे असले तरी एकटे पुरे नाही.

त्याच्या पुढचा टप्पा आणखी सावकाश चालतो. दीर्घकाळच्या नैराश्यात आणि ताणात मेंदूच्या काही भागांतल्या, विशेषतः स्मृती आणि भावनांशी संबंधित हिप्पोकॅम्पसमधल्या, पेशींच्या जोडण्या कमकुवत होतात असे मानण्याला चांगला आधार आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ही औषधे काही आठवडे दिल्यावर पेशींच्या वाढीला मदत करणारी प्रथिने वाढलेली आणि जोडण्या पुन्हा लवचिक झालेल्या दिसतात. नव्या जोडण्या म्हणजे पेशींची प्रत्यक्ष वाढ आहे आणि ती एका रात्रीत होत नाही. माणसात हेच तंतोतंत किती घडते हे मोजणे अवघड असले, तरी औषधाला लागणारा वेळ या कामाशी चांगला जुळतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. ‘तुमच्या मेंदूत सेरोटोनिन कमी झाले आहे, गोळी ते भरून काढते’ असे रुग्णांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. समजवायला ते सोपे आहे, पण ते पुरेसे खरे नाही. नैराश्य असलेल्या माणसांत सेरोटोनिन ठरावीकपणे कमी असते याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. तसे असते तर वाहक अडवल्या दिवशीच बरे वाटायला हवे होते. औषध सेरोटोनिनच्या वाटेने मेंदूला एक ढकल देते आणि पुढचा बदल मेंदू स्वतः करतो, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जाते.

या बदलाची सुरुवात रुग्णाला जाणवण्याच्या आधीच होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात कॅथरिन हार्मर यांच्या गटाने नैराश्याच्या रुग्णांना एका नैराश्यविरोधी औषधाचा एकच डोस देऊन चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. नैराश्यात माणसाला आनंदी चेहरे चटकन ओळखू येत नाहीत. एका डोसनंतर ते ओळखणे सुधारले, पण ‘कसे वाटते’ असे विचारल्यावर मनःस्थितीत मात्र काही फरक नव्हता. याचा अर्थ असा लावला जातो की औषध आधी जगाकडे बघण्याचा काळा कल थोडा सैल करते. त्या बदललेल्या नजरेने रोजचे अनुभव घेत, माणसांशी बोलत, छोटी कामे पार पाडत काही आठवडे गेले की मन वर येते. म्हणूनच औषधाबरोबर समुपदेशन, थोडे चालणे, ओळखीच्या माणसांत जाणे यांना खरा अर्थ आहे. औषधाने मिळालेल्या संधीचा उपयोग त्यांच्यातून होतो.

हे सगळे रुग्णाच्या दिवसांत कसे दिसते ते पाहण्यासाठी ३८ वर्षांची एक शिक्षिका धरू. तीन महिन्यांपासून झोप पहाटे तीनला मोडते, जेवण जात नाही, वर्गात उभे राहवत नाही. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितले, पहिला आठवडा ५ आणि नंतर १० मिलिग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून तिला मळमळते, शौचास पातळ होते, डोके जड राहते आणि हात किंचित थरथरतात. शरीरातले जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असते, त्यामुळे औषधाचा पहिला हिसका पोटाला बसतो. इथे सर्वांत जास्त रुग्ण गळतात, आणि ते समजण्यासारखे आहे, कारण त्रास पहिल्या एक-दोन दिवसांत येतो आणि फायदा महिन्याने. पण ज्या कारणाने फायदा उशिरा मिळतो त्याच कारणाने हा त्रासही कमी होत जातो. आतड्यातले रिसेप्टरही जुळवून घेतात आणि बहुतेकांची मळमळ आठवडा-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घेतल्याने पुष्कळ फरक पडतो. गोळीने झोप येत असेल तर ती रात्री आणि झोप उडत असेल तर सकाळी घ्यावी, एवढा बदल डॉक्टरांना विचारून सहज करता येतो.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती डॉक्टरांना सांगते, ‘मला काहीच फरक नाही.’ बरोबर आलेली सासू म्हणते, ‘आता ती पाचपर्यंत झोपते. परवा स्वतःहून उठून चहा टाकला.’ दोघीही खरेच बोलत असतात. सुधारणेची पहिली चिन्हे झोप, भूक आणि हालचालीत दिसतात आणि ती घरच्यांना आधी कळतात. आतून जाणवणारी उदासी, अपराधीपणा, कशातच रस नसणे हे सर्वांत शेवटी हलते. चौथ्या आठवड्यात तिला एखादा दिवस बरा जातो आणि पुढचे दोन पुन्हा वाईट. चांगल्या दिवसांची संख्या सावकाश वाढत जाते. सहाव्या-सातव्या आठवड्यात तिच्या लक्षात येते की वर्गात शिकवताना मध्ये बराच वेळ आजाराचा विचारच आला नाही.

प्रत्येकाचे असे होत नाही. पहिल्या औषधाने पूर्ण बरे होणाऱ्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे, बाकीच्यांना डोस वाढवावा लागतो, औषध बदलावे लागते किंवा जोडीला दुसरे काही द्यावे लागते. योग्य डोस चार आठवडे रोज घेऊनही जराही फरक नसेल, तर आणखी नुसती वाट पाहण्यात अर्थ नाही. त्या वेळी डॉक्टरांनी फेरविचार करायला हवा आणि रुग्णाने तो मागायला हवा. थोडा फरक असेल तर सहा ते आठ आठवडे थांबणे बहुधा फळाला येते. मध्येच गोळ्या चुकवल्या तर हा हिशेब बिघडतो आणि औषध निकामी आहे की ते पोटात गेलेच नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

पहिल्या आठवड्यांत काही गोष्टी मात्र वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायच्या असतात. प्रचंड अस्वस्थता, एका जागी बसवत नाही अशी तगमग, जीव द्यायचे विचार येणे किंवा वाढणे, किंवा याच्या उलट, झोपेची गरजच न वाटणे, बेसुमार उत्साह आणि अनावर खर्च. पंचविशीच्या आतल्या रुग्णांत उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून त्या वयात घरच्यांनी जवळ असणे आणि डॉक्टरांनी लवकर लवकर भेटी ठेवणे आवश्यक असते. जीव द्यायचे विचार कोणत्याही वयात, कोणत्याही आठवड्यात आले तरी टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

बरे वाटू लागल्यानंतर औषध किमान सहा महिने, बऱ्याचदा नऊ महिने तसेच चालू ठेवतात. पूर्वी नैराश्याचे झटके येऊन गेले असतील तर त्याहून जास्त. या काळात ‘आता मला काही होत नाही, गोळी कशाला’ हा विचार येतो आणि घरचेही तेच म्हणतात. शिक्षिकेच्या बाबतीत मात्र ठरवून काही झाले नाही. नवव्या महिन्यात ती गणपतीसाठी कोकणात गावी गेली, स्ट्रिप संपली आणि गावातल्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हते. ‘चार दिवसांनी काय बिघडते’ म्हणून तिने सोडून दिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठताना तिला गरगरले. मान किंवा डोळे एका बाजूला वळवले की डोक्यातून क्षणभर वीज गेल्यासारखे व्हायचे. रात्री इतकी ठसठशीत स्वप्ने पडली की जाग आल्यावर काही वेळ ती खरीच वाटत राहिली. मळमळ, घाम, अंग मोडून आल्यासारखे, सर्दीतापाची सुरुवात असावी तसे. किरकोळ बोलण्यावर डोळ्यांत पाणी आणि मग चिडचिड. घरात कुणी म्हणाले ॲसिडिटी, कुणी म्हणाले दृष्ट, कुणी म्हणाले आजार परत आला, आणि एकाने ‘गोळ्यांची सवय लागली’ असा निकालच दिला. गावातल्या डॉक्टरांनी चक्करेची गोळी दिली, कारण बंद केलेल्या औषधाबद्दल तिने काही सांगितलेच नव्हते.

हा त्रास औषध बंद केल्याचा होता. नऊ महिन्यांत तिच्या मेंदूने वाहक अडवलेले आहेत हे गृहीत धरून स्वतःची घडी बसवली होती. सेरोटोनिन जास्त टिकते म्हणून अनेक ठिकाणचे रिसेप्टर कमी संवेदनशील झाले होते. गोळी थांबल्यावर काही दिवसांत वाहक मोकळे झाले आणि सेरोटोनिन पूर्वीसारखे झपाट्याने परत ओढले जाऊ लागले. रिसेप्टर मात्र अजून बोथटच होते, त्यामुळे काही काळ सेरोटोनिनचा एकूण प्रभाव उपचारापूर्वीपेक्षाही कमी पडला. शरीराचा तोल, झोपेतली स्वप्नावस्था, आतड्याची हालचाल, शरीराचे तापमान आणि भावनांचा तोल, या सगळ्यांत सेरोटोनिनचा हात असतो. म्हणून लक्षणे इतकी विखुरलेली येतात आणि एका नजरेत ओळखू येत नाहीत. डोक्यातल्या करंटसारख्या झटक्यांचे नेमके कारण सापडलेले नाही, पण ते इतके वैशिष्ट्यपूर्ण असतात की ते असतील तर आधी गोळी चुकली का हे विचारावे. ते भयंकर वाटतात, पण त्यांनी मेंदूला इजा झाल्याचे आढळलेले नाही.

किती जणांना हा त्रास होतो? ‘द लॅन्सेट सायकिॲट्री’ या नियतकालिकात २०२४ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. औषध बंद करणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही लक्षणे आली, पण नुसती औषधविरहित गोळी बंद करणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना आली. काळजी आणि अपेक्षा यांतूनही काही लक्षणे येतात, हे त्यातून दिसते. हा भाग वजा केल्यावर खुद्द औषधामुळे त्रास होणारे साधारण सहा-सात जणांत एक ठरतात. तीव्र त्रास औषध बंद करणाऱ्या सुमारे ३५ जणांत एकाला झाला. यातले बरेच अभ्यास थोड्या काळाच्या उपचारांवरचे होते. जे अनेक वर्षे औषध घेत आहेत त्यांच्यात त्रासाची शक्यता आणि मुदत दोन्ही जास्त असू शकतात, म्हणून हे आकडे त्यांनी जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. बहुतेकांचा त्रास आठवडा-दोन आठवड्यांत शमतो, पण काहींचा महिनोन्‌महिने रेंगाळतो. अशा रुग्णाला ‘हे औषधामुळे नसते’ असे सांगून परत पाठवणे चूक आहे.

कोणते औषध आहे यावर बरेच अवलंबून असते. शरीरातून झपाट्याने निघून जाणारी औषधे जास्त त्रास देतात. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन यात पुढे. व्हेन्लाफॅक्सिनची एक गोळी काही तास उशिरा झाली तरी काहींना चक्कर येऊ लागते. एस्सिटालोप्रॅम आणि सर्ट्रालिन मध्ये कुठेतरी येतात. फ्लुऑक्सेटिन आणि शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ कित्येक आठवडे टिकतो, म्हणजे ते स्वतःच सावकाश उतरते. त्यामुळे त्याचा त्रास सर्वांत कमी होतो आणि झालाच तर उशिरा होतो. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनॅझेपाम एकाच गोळीत असलेले मिश्रणही खूप चालते. क्लोनॅझेपाम हे वेगळ्याच वर्गाचे, सवय लावणारे औषध आहे. ते दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केल्यास फीटसुद्धा येऊ शकते. म्हणून प्रत्येक रुग्णाने आपल्या स्ट्रिपवर एक नाव आहे की दोन, हे वाचून ठेवावे.

आता त्या ‘सवय लागली’ या निकालाकडे. व्यसन म्हणजे पदार्थाची ओढ, तोच परिणाम मिळवण्यासाठी मात्रा वाढवत नेणे आणि नुकसान दिसत असूनही तो मिळवण्यासाठी धडपड. नैराश्यावरच्या या औषधांत यातले काही नसते. नशा येत नाही, कुणी दोनाच्या चार गोळ्या करत नाही, आणि बहुतेकांची तक्रार गोळी घ्यायला विसरतो अशी असते. पण शरीर औषधाला सरावते आणि अचानक थांबवल्यास त्रास होतो, हेही तितकेच खरे. रक्तदाबाची काही औषधे आणि स्टेरॉइड्स यांच्याबाबतीतही हेच होते आणि त्यांना कुणी व्यसन म्हणत नाही. डॉक्टरांनी हे औषध सुरू करतानाच सांगायला हवे. पहिल्या भेटीत दोन मिनिटे त्यावर खर्च झाली असती, तर शिक्षिकेने गावी जाताना जादा स्ट्रिप सोबत घेतली असती.

औषध बंद केल्याचा त्रास आणि परतलेला आजार यांत फरक करणे फार महत्त्वाचे आहे, कारण गल्लत झाली तर उपचार चुकतो. पहिला निकष वेळेचा. औषध थांबवल्याचा त्रास काही दिवसांत सुरू होतो, आजार परतायला सहसा कित्येक आठवडे किंवा महिने लागतात आणि तो हळूहळू चढत जातो. दुसरा निकष लक्षणांचा. चक्कर, झटके, मळमळ, फ्लूसारखे अंग दुखणे ही रुग्णाच्या मूळ आजारात नव्हती. उदासी, निराशा, पहाटेची जाग हीच जुनी मालिका नव्याने उभी राहत असेल, तर आजाराचा विचार करावा. तिसरा निकष गोळी पुन्हा सुरू केल्यावर कळतो. बंद केल्याचा त्रास एक ते तीन दिवसांत ओसरतो, आजार मात्र पुन्हा कित्येक आठवडे घेतो. शिक्षिकेला तालुक्याच्या गावातून गोळ्या मिळाल्या आणि दोन दिवसांत चक्कर आणि झटके गेले. आजार परतला नव्हता, हे त्यावरून कळले.

त्यानंतर काही महिन्यांनी तिने डॉक्टरांशी बोलून औषध रीतसर उतरवायचे ठरवले. इथे एक गोष्ट सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध आहे. १० मिलिग्रॅमवरून ५ आणि ५ वरून शून्य, या दोन सारख्या पायऱ्या वाटतात. मेंदूसाठी त्या मुळीच सारख्या नाहीत. १० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के वाहक अडलेले असतात आणि ५ ला सुमारे ७०. म्हणजे डोस निम्मा केला तरी परिणाम दहा टक्क्यांनीच उतरला. पण ५ वरून शून्यावर येताना ७० टक्क्यांचा कडा एका उडीत उतरावा लागतो. अडीच मिलिग्रॅमलाही साधारण ६० टक्के वाहक अडलेलेच असतात. म्हणूनच अनेकांना डोस निम्मा करताना काही वाटत नाही आणि ती ‘शेवटची छोटी गोळी’ थांबवली की सगळे सुरू होते. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हा हिशेब मांडला, आणि आता ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनाही डोस खाली जाईल तशा पायऱ्या लहान करायला सांगतात.

तिच्यासाठी आखलेली वाट अशी होती: १० वरून ७.५, मग ५, मग ३.७५, मग २.५ आणि शेवटी १.२५ मिलिग्रॅम. प्रत्येक पायरीवर चार आठवडे. ५ मिलिग्रॅमच्या गोळीचे निम्मे आणि पाव तुकडे गोळी कापण्याच्या छोट्या पेटीत करता येतात. याहून लहान डोससाठी, किंवा इतर औषधांसाठी, द्रवरूप औषध मिळते का हे फार्मासिस्टला विचारावे. २.५ वर आल्यावर तिला आठवडाभर हलकी चक्कर आणि चिडचिड झाली. डॉक्टरांनी त्याच पायरीवर आणखी तीन आठवडे थांबायला सांगितले आणि मग पुढे नेले. असे थांबावे लागणे किंवा एक पायरी वर जावे लागणे यात हार नाही, त्यासाठीच तर वाट सावकाश आखलेली असते. थोडेच आठवडे औषध घेतलेल्याला इतके लांबवण्याची गरज नसते. कित्येक वर्षे घेतलेल्याला याहून जास्त काळ लागू शकतो.

दोन गोष्टी टाळायच्या. एक, दिवसाआड गोळी घेणे. एस्सिटालोप्रॅम किंवा पॅरोक्सेटिनच्या बाबतीत त्याने पातळी रोज वरखाली होते आणि शरीराला दिवसाआड छोटा धक्का बसत राहतो. दोन, व्हेन्लाफॅक्सिन किंवा ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूलमधले दाणे कुटणे किंवा चावणे. ही औषधे सावकाश किंवा आतड्यात गेल्यावरच सुटतील अशी बनवलेली असतात आणि दाणे फुटले की ती रचनाच मोडते.

त्रास न होता औषध उतरले, तरी आजार परतण्याची शक्यता शून्य होत नाही. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. काही आठवड्यांत औषध उतरवून थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांत वर्षभरात नैराश्य परतले, चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांत. थांबवूनही बरे राहणारे बरेच आहेत आणि चालू ठेवूनही आजार परतणारेही आहेत. म्हणून निर्णय प्रत्येकाचा वेगळा. तो घेताना घरातले आजारपण, परीक्षा, बाळंतपण, नोकरीतला बदल असा ताणाचा काळ टाळावा. गरोदर राहिल्याचे कळल्यावर घाबरून त्याच दिवशी गोळी बंद करणे हे तर मुळीच नको, तेव्हा आधी डॉक्टरांना भेटावे.

हा लेख वाचणाऱ्या कुणी अलीकडेच गोळी थांबवली असेल आणि त्रास होत असेल, तर त्याने आपल्या डॉक्टरांना फोन करून शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावे. बहुतेक वेळा तोच डोस पुन्हा सुरू करून नंतर हळूहळू उतरवला जातो. आणि ज्यांना गोळी सोडायची आहे त्यांनी ती जरूर सोडावी, पण आधी डॉक्टरांसमोर कागदावर तारखांसकट पायऱ्या लिहून घ्याव्यात आणि तो कागद घरातल्या एकाला दाखवून ठेवावा.